मुद्दल राहू दे, वाढ तुला

माझ्या मावशीनं मला एका दसऱ्याला तिच्या मालकीच्या पाचांतले चार भाग दिले आणि आपण फक्त वरकड देतोय अशी तिची समजूत होती. ती समजूत चुकीची आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसलो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गरज होती म्हणून घेतले, असं लिहायला मला आवडलं असतं. गरज नव्हती. सरस्वतीपुरममध्ये पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. एका मोठ्या ब्रोकरचा मी इथला माणूस. भाव दाखवणारे दोन पडदे, चार खुर्च्या, एक पंखा, आणि खाली झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकं बहुतेक पेन्शनर. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा निम्मे जण मंडईतून येताना पिशवी घेऊनच वर येतात. शेअर विकत घेतात महिन्यातून एकदा, पण भाव रोज बघतात. शेजारच्यांच्या तब्येतीची चौकशी करावी तसे.

मावशी शाळेत शिक्षिका होती. प्राथमिकच्या मुलांना चाळीस वर्षं कन्नड शिकवलं, घरात आमच्याशी मराठी बोलली आणि रागावली की दोन्ही भाषा एकदम. आमचं घराणं म्हैसुरात किती पिढ्यांपासून आहे ते कुणी मोजलेलं नाही. त्यामुळे ‘सुम्ने’ म्हणजे उगीच, आणि ‘आयतु’ म्हणजे झालं, हे शब्द आमच्या मराठीत भाड्यानं न राहता मालकीनंच राहतात. माझी बायको पुण्याची. तिला लग्नानंतर पहिलं वर्षभर वाटायचं की मावशी तिच्यावर चिडून भाषा बदलते.

मावशीचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या मागे एका जुन्या पंप बनवणाऱ्या कंपनीचे चारशे शेअर राहिले. ते मीच तिच्या नावावर करून दिले, तिचं डीमॅट खातं माझ्याच ऑफिसातून उघडलं. कंपनी सज्जन होती. दर वर्षी शेअरमागे शंभर रुपये लाभांश द्यायची. चारशे शेअरांचे चाळीस हजार. पेन्शनमधून भाडं, औषधं, वाणसामान निघायचं आणि या चाळीस हजारांतून स्वयंपाकाच्या बाईचा वर्षाचा पगार. मावशीनं हे असं पक्कं बांधून ठेवलं होतं. “माझी बाई पंपावर चालते,” असं ती सांगायची.

मूलबाळ नाही. भाड्याचं घर, पहिल्या मजल्यावरचं, मागच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. त्या घरात तिला एकटीला राहायचं होतं आणि त्यासाठी ती बाई हवी होती. मावशीचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप चालायचा, कुकर चालायचा नाही. या गोष्टीत पणाला लागलेलं जे काही आहे ते एवढंच. लाखांचे आकडे पुढे येतील, त्यांना बिचकू नये.

मग कंपनीनं स्प्लिट जाहीर केला. दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर मोडून दोन रुपयांचे पाच करायचे. ठरलेल्या तारखेला ज्याच्या खात्यात चारशे, त्याच्या खात्यात दोन हजार. बाजारात भाव अडीच हजारांच्या आसपास होता, तो त्या दिवशी सकाळी पाचशेच्या आसपास उघडला. चारशे गुणिले अडीच हजार, दोन हजार गुणिले पाचशे. दोन्हीकडे दहा लाखच. कंपनीचा जेवढा हिस्सा मावशीचा होता, तेवढाच राहिला. कारखाना तोच, पंप तेच, नफा तोच. एक गोष्ट बदलते, नाही म्हणत नाही. सुटे होतात. ज्याला अडीच हजारांचा एक परवडत नाही तो पाचशेचा घेऊ शकतो. बास.

हे मला माहीत होतं. माझा धंदाच तो.

मावशी जिना चढून ऑफिसात आली ती म्हैसूरपाकाचा डबा घेऊन. खात्यात दोन हजार दिसतात हे मीच तिला फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना आवाजात थोडं तूप घातलं होतं.

“घ्या, सगळ्यांनी घ्या,” ती म्हणाली. “आमच्या भाच्यानं चारशेचे दोन हजार केले!”

खुर्चीत आमचे रोजचे बँकवाले बसले होते. बेळगावकडचे, बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले. मराठी, कन्नड आणि टोमणे या तिन्ही भाषा अस्खलित. त्यांनी एक वडी उचलली, निरखून पाहिली.

“टीचर, पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या, म्हणून मिठाई वाटताय?”

“तुमचे पण झाले असते तर तुम्ही वाटली असती.”

“माझे पण झालेत की. मी कुठं वाटतोय?”

“तुम्ही मुलीच्या लग्नात तरी कुठं वाटली होती!” मावशी म्हणाली, आणि सगळं ऑफिस हसलं. तेही हसले. मग ते माझ्याकडं वळले. “सांगा हो तुम्ही, धंदेवाले. काय फरक पडला?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मावशीच्या चेहऱ्यावर भाचा परीक्षेत पहिला आल्यासारखं काहीतरी होतं. दोन नवी गिऱ्हाइकं दाराशी उभी होती. मी म्हैसूरपाक तोंडात टाकला आणि हातानंच खूण केली, तोंड भरलंय म्हणून. वडी मऊ होती, लगेच विरघळली. मी तरी चावत राहिलो.

त्या आठवड्यात माझ्याकडं सात-आठ नवी खाती उघडली. “अजून कुठला शेअर असा पाचपट होणार आहे?” असं विचारत लोक आले. मी त्यांना खोटं काहीच सांगितलं नाही. “असे होत असतात,” एवढंच म्हणायचो. खरंच होत असतात.

दसऱ्याला आमच्याकडं बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात, आपट्याऐवजी. जंबुसवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बन्नीमंटपाला पोचली की घरातल्या मोठ्यांच्या पाया पडायला जायचं हा आमचा रिवाज. त्या वर्षी मी आणि बायको मावशीकडं गेलो तेव्हा तिची बाई चिरोटे वाढत होती आणि मावशीनं मला जवळ बसवून घेतलं.

“दर वर्षी पाला देते,” ती म्हणाली, “यंदा खरं सोनं घे.”

तिनं ठरवून ठेवलं होतं. मूळ चारशे तिच्या यजमानांचे. ते हलवायचे नाहीत. वर जे सोळाशे झाले ते माझ्या हुशारीचे, म्हणून माझे.

“मुद्दल राहू दे, वाढ तुला,” ती म्हणाली. “माझी बाई चारशेवर चालत होती, पुढंही चालेल. अल्लवा?”

अल्लवा म्हणजे ‘नाही का’. या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर द्यायची सोय त्याच शब्दात आहे. एक वाक्य लागलं असतं: मावशी, ही वाढ नाही, मुद्दलच मोडलंय, चारशे ठेवलेस तर पाचातला एकच भाग उरेल. बायको समोर होती. तिला शेअरांतलं काही कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. म्हणून मी खाली वाकलो आणि मावशीच्या पायाला हात लावला. बराच वेळ लावला.

“पुरे रे, उठ,” मावशी म्हणाली, “कंबर धरेल.”

बायको परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, “अहो, केवढं मोठं मन आहे हो त्यांचं.” मी हेल्मेटमधून हुंकार दिला.

डीमॅटमधून डीमॅटमध्ये शेअर बक्षीस द्यायचे म्हणजे एक चिठ्ठी भरायची, त्यात कारण लिहायचं, आणि देणाऱ्याच्या फोनवर येणाऱ्या आकड्यानं त्याची संमती नोंदवायची. चिठ्ठी मी भरली. सही तिची. आकडा तिनंच मला चष्मा लावून एकेक अंक मोठ्यानं वाचून दाखवला, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसा. मावशीकडून भाच्याला मिळालेल्या बक्षिसावर आयकर लागत नाही. सगळं कायदेशीर. मी इतकी स्वच्छ चिठ्ठी आजवर भरलेली नाही.

त्यानंतर लाभांशाची वेळ आली. शेअर पाचांत मोडला म्हटल्यावर शेअरमागचा लाभांशही मोडणारच. शंभराऐवजी वीस. ज्याच्याकडं पाचही तुकडे होते त्याला पूर्वीइतकेच पैसे. मावशीकडं पाचातला एक होता. तिच्या खात्यात आठ हजार आले. माझ्या खात्यात बत्तीस.

ती फोनवर घाबरलेली नव्हती, गोंधळलेली होती.

“अरे, बँकेनं चूक केलीय बहुतेक. चाळीसाऐवजी आठच दाखवतायत.”

उत्तर द्यायला मला फार तर एक श्वास लागला. त्यातच सगळं ठरलं.

“बँकेची चूक नाही मावशी. कंपनीनं यंदा हात आखडलाय.”

“का? बरं चाललेलं नाही त्यांचं?”

“बाजार मंदा आहे ना.”

“अय्यो पाप,” मावशी म्हणाली. म्हणजे अरेरे, त्या कंपनीबद्दल. “इतकी वर्षं दिलं बिचाऱ्यांनी.”

मी फोन ठेवला तेव्हा समोरच्या पडद्यावर त्याच कंपनीच्या तिमाहीचे आकडे होते. नफा वाढला होता.

पुढच्या महिन्यात मावशीनं बाई बंद केली. बाईला सांगितलं, पंप बंद पडला. स्वतः करायला लागली. कुकर बाईनं शिकवून ठेवलेल्या पद्धतीनं, दोन्ही हातांनी धरून. बायकोला कळल्यावर तिनं दुपारचा डबा सुरू केला. मी ऑफिसला जाताना तो पोचवायचो. मावशी दारात डबा घेताना दर वेळी म्हणायची, “तुझ्या बायकोला सांग, देव बरं करो.” मग एक दिवस बायको म्हणाली, “अहो, डब्यापेक्षा आपणच त्यांच्या बाईचा पगार देऊ या. तीन-सव्वातीन हजारांचा तर प्रश्न. परवडतं आपल्याला.”

परवडत होतं. मला मिळालेला लाभांश बाराने भागला तर किती होतात ते मी तिला सांगितलं नाही.

आम्ही दोघं विचारायला गेलो. मावशीनं बायकोचा हात हातात घेतला.

“नको ग. माझ्या पैशाची असेल तर बाई ठेवीन. दुसऱ्याच्या पैशाची ठेवली तर ती दुसऱ्याची बाई. मग मीठ कमी घाल म्हणायला पण लाज वाटते.”

“आम्ही दुसरे का?” बायकोनं विचारलं.

“नाही ग बाई. पण पैसे दुसऱ्याचेच.”

म्हणजे ते पैसे तिच्या घरात परत जायला एकच वाट होती: ते तिचेच आहेत असं सांगणं. मी चपलेचा पट्टा लावत होतो. त्याला बराच वेळ लागला.

वर्षभरानं कंपनीनं बायबॅक जाहीर केला. स्वतःचेच शेअर भागधारकांकडून विकत घ्यायचे आणि रद्द करून टाकायचे. बाजारात भाव होता चारशे ऐंशी, कंपनी देणार होती सहाशे. त्या काळच्या नियमानं त्यावरचा कर कंपनीच भरत होती. नंतर तो नियम बदलला. लहान भागधारकांसाठी वेगळा हिस्सा राखलेला असतो. ठरलेल्या तारखेला ज्याच्या शेअरांची बाजारातली किंमत दोन लाखांच्या आत, तो लहान. मावशीचे चारशे शेअर, एक लाख ब्याण्णव हजार. स्प्लिटच्या आधी आणि नंतरही दहा लाखांच्या धनीण असलेल्या मावशीला मी लहान भागधारक करून ठेवलं होतं, आणि त्याचा तिला फायदा होता. लहानांचा चारातला एक शेअर तरी नक्की घेतला जाणार होता, माझ्यासारख्यांचा विसातला एक. लहानांची एवढी काळजी घेणारं सरकार आहे, फक्त ते लहान कसे झाले ते विचारत नाही.

मी मावशीला कळवणार नव्हतो. तिचा ईमेल माझ्याच ऑफिसचा. पण बँकवाले सकाळी उद्यानात फिरायला जातात, आणि मावशीही.

ती जिना चढून आली. या वेळी डबा नव्हता. खुर्चीत बसून तिनं आधी दम खाल्ला. बँकवाले पेपर वाचत होते, मी उगाच माउस हलवत होतो.

“हे म्हणतात, कंपनी आपले शेअर विकत घेतेय. म्हणजे पुन्हा पाचाचे एक करतायत का?”

“नाही टीचर,” बँकवाले म्हणाले, “ते वेगळं, हे वेगळं.”

“मग सांगा की. शाळेत मी सांगायची, इथं तुम्ही सांगा.”

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. शिकवायला त्यांना आवडतं. कुणी विचारत नाही म्हणून टोमणे मारतात, असं माझं मत आहे.

“तुमच्या महाराष्ट्र मंडळाचा हॉल धरा. वीस घरांनी मिळून बांधला. प्रत्येकाची एक पावती. उद्या कमिटीनं म्हटलं, एका पावतीच्या पाच करू. आता शंभर पावत्या. तुमच्या पाच. हॉल मोठा झाला का?”

“सुम्ने कागद वाढले.”

मी त्या क्षणी मावशीकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघितलं. लाल आकडे, हिरवे आकडे.

“बरोबर. आता बायबॅक. एक घर पुण्याला निघालं. मंडळानं आपल्या फंडातून त्यांना पैसे दिले, त्यांच्या पावत्या फाडून टाकल्या. राहिली एकोणीस घरं. तुमच्या पावत्या पाचच. पण आता शंभरातल्या पाच नाहीत, पंचाण्णवातल्या पाच. हॉलमधला तुमचा वाटा काहीही न करता वाढला.”

“मग चांगलंच की.”

“थांबा. फंड पण कमी झाला ना? तो फंड तुमचाही होता. जाणाऱ्याला रास्त पैसे दिले तर तुम्हाला नफा नाही, नुकसान नाही. वाटा मोठा, पण हॉलसकट फंड लहान. जाणाऱ्याला जास्त दिले तर राहणाऱ्याच्या खिशातून. कमी दिले तर जाणाऱ्याच्या.”

“आणि कंपनी जास्त देतेय.”

“चारशे ऐंशीचे सहाशे. म्हणून म्हणतो, सगळेच देतात तर तुम्हीही द्या. तुमचे शंभर तर नक्की घेतील. बारा हजार वर मिळतील.”

मावशी विचार करत होती. थरथरणारा हात तिनं दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता. मला वाटलं, आता ती हॉलपासून दसऱ्यापर्यंत मागं जाईल. एका पावतीच्या पाच, हॉल तेवढाच. फार लांब नव्हतं. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, आणि खरं सांगतो, तिनं विचारलं असतं तर ते मी बोललो असतो. निदान आजवर मी असं समजत आलोय.

ती माझ्याकडं वळली. दुसराच प्रश्न आला, आणि तो जास्त वाईट होता.

“लाभांश द्यायला पैसे नाहीत म्हणालास ना? मग हे जास्तीचे पैसे कुठून आणतायत?”

बँकवाल्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “लाभांश द्यायला पैसे नाहीत? कुणाला? मला तर पूर्वीइतकाच…”

“सर,” मी म्हणालो, “तुमचा तो बाँडचा फॉर्म आलाय खाली झेरॉक्सला. आज शेवटचा दिवस.”

फॉर्म नव्हता. शेवटचा दिवसही नव्हता. ते उठले, मावशीला नमस्कार करून खाली गेले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत होत्या तोवर मी उत्तर जुळवलं.

“तेच तर मावशी. लाभांशाचे वाचवून वाचवून हे करतायत. बाजारात इभ्रत राखायला.”

“म्हणजे नसताना देतायत.”

“तसंच काहीसं.”

 मावशीनं पदर सावरला.

“मग माझे नको देऊस. अडचणीत आहेत बिचारे, आणि मी वर बारा हजार उकळू? त्यांचं मीठ खाल्लंय. सावरले की देतील लाभांश पुन्हा. आयतु, राहू दे.”

मी म्हटलं, “जशी तुझी इच्छा.”

इथं मला थांबून नीट लिहायला हवं, कारण यात मजा आहे. ज्या दिवशी मावशीचे शेअर पाचपट झाले त्या दिवशी तिची मालकी कणभरही वाढली नाही, आणि तिनं मिठाई वाटली. ज्या वेळी तिच्या शेअरांचा आकडा चारशेचा चारशेच राहिला, त्या वेळी कंपनीनं एकूण शेअरांतले पाचेक टक्के रद्द केल्यामुळं तिचा वाटा खराच थोडा वाढला, आणि तिला ते कळलंही नाही. पण तो वाटा ज्या कंपनीतला, तिच्या तिजोरीतून बाजारभावापेक्षा जास्तीचे पैसे बाहेर गेले होते. विकणाऱ्यांना मिळालेली ती चढी किंमत राहणाऱ्यांनी मिळून सोसली. मावशी राहणाऱ्यांत होती. विकणाऱ्यांत मी होतो. माझे ऐंशी शेअर घेतले गेले, अठ्ठेचाळीस हजार आले. म्हणजे तिच्याकडून मी दोनदा घेतलं. एकदा पाया पडून, एकदा न पडता.

परत द्यायचा विचार मी केला नाही असं नाही. हिशेबनीस मित्राला ‘एक गिऱ्हाईक आहे’ म्हणून विचारलं. तो म्हणाला, मावशीनं भाच्याला दिलं तर करमुक्त, भाच्यानं मावशीला दिलं तर नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेलं की ते सगळं मावशीचं उत्पन्न. नातेवाइकांची व्याख्याच तशी आहे, भाच्याच्या यादीत मावशी येते, मावशीच्या यादीत भाचा येत नाही. कायदा करणाऱ्यांना भाचे चांगले ठाऊक असावेत. मी हिशेब मांडला. पन्नास हजारांच्या आत राहून दर वर्षी थोडे थोडे दिले तर पंधरा वर्षं लागतील. मावशी ऐंशीची. मित्र म्हणाला, “एवढं काय त्यात, कर लागलाच तर गिऱ्हाइकानं भरावा.” मी म्हणालो, “गिऱ्हाइकाला सांगतो.” त्या सबबीवर मी वर्ष काढलं.

मग एका दुपारी मावशीच्या खालच्या मजल्यावरच्यांना गॅसचा वास आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, मावशी गॅलरीत कढीपत्ता तोडत होती. काही झालं नाही. पण घरमालक हात जोडून मला म्हणाले, “सार, आता एकटीला नको.”

त्या संध्याकाळी आम्ही तिघं तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. खिडक्या सगळ्या उघड्या.

“बाई ठेवली असती तर हे झालं नसतं,” मावशी म्हणाली. “कंपनी सावरली असती ना, तर मी इथून हलले नसते.” मग माझ्याकडं बघून, “काय म्हणतात रे ते? काही बातमी?”

बायको माझ्याकडं बघत होती. मला वाटतं तिला तेव्हा काहीतरी शंका आली. किंवा तिला शंका यावी अशी माझीच इच्छा होती, म्हणजे तिनं विचारलं असतं.

“अजून नाही,” मी म्हणालो.

महिन्याअखेर मावशी आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. सामान फार नव्हतं. भांडी बाईला देऊन टाकली. कुंडी आणली, पण आमच्या मागच्या बाजूला ऊन येत नाही. तिच्या घरात आता कॉलेजची चार मुलं राहतात. मावशी आमच्याकडं स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मीठ कमी असलं तरी बोलत नाही. ताटात जे येतं ते खाऊन “छान झालंय ग” म्हणते, दोन्ही वेळा, त्याच आवाजात. माझ्या बायकोला याचा त्रास होतो. “माझ्यावर एकदा तरी कन्नडमध्ये ओरडा म्हणावं,” ती परवा म्हणाली.

गावात माझं नाव झालं आहे. स्वतःच्या आईला कुणी विचारत नाही आणि हा मावशीला सांभाळतो, असं उद्यानातल्या बायका बोलतात. ऑफिसात एका नव्या गिऱ्हाइकानं मला सांगितलं की, तुमच्या मावशीमुळंच तुमच्याकडं आलो. बँकवाले रोज येतात, पेपर वाचतात. त्या दिवशी खाली फॉर्म नव्हता हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. टोमणे मात्र बंद झालेत.

कंपनीनं यंदाही वीस रुपये दिले. मावशीला आठ हजार आले. तिनं ते देवापुढं ठेवले आणि म्हणाली, अजून बिचाऱ्यांचं ठीक नाही.

हे लिहून झाल्यावर मी मागच्या खोलीत जाणार आहे. गेलो नाही तरी माझं देणं किती, हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला ते कमी करता येणार नाही. मी मावशीचे पंधराशे वीस शेअर देणं लागतो. विकलेल्या ऐंशींचे अठ्ठेचाळीस हजार, तिनं न घेतलेले बारा हजार, आणि दसऱ्यानंतर सोळाशेंवर मिळालेला सगळा लाभांश देणं लागतो. त्यावर कर लागला तर तोही मी भरायचा आहे. कंपनी कधीच अडचणीत नव्हती, हे तिच्या तोंडावर सांगणं लागतो. तिचं घर देणं लागतो, आणि ते माझ्याजवळ नाही.